आत्याचं सुप्रभात आणि उसनं उत्तर

सकाळी सहाच्या सुमाराला घरच्या ग्रुपवर एक पोस्टर येतं. उगवता सूर्य, वाफाळता चहा, कडेला पारिजाताची फुलं, मधे चार ओळींचा सुविचार, खाली ‘शुभ सकाळ’. पाठवणारी आत्या. हल्ली अनेक भाचे, सुना आणि जावई हे पोस्टर उचलतात, चॅटजीपीटी किंवा जेमिनीसारख्या साधनाला देतात, ‘याला छान रिप्लाय दे’ म्हणतात आणि जे येईल ते जसंच्या तसं ग्रुपवर चिकटवतात. दोन मिनिटांत काम होतं. आत्याला उत्तर पोचतं, आणि तिला थोडं चुकल्यासारखंही वाटतं. आपला भाचा असा कधी बोलत नाही, हे तिला ठाऊक असतं.

ही सवय सोडा असं मी म्हणणार नाही. कारणं खरी असतात. शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी वाचता येतं पण लिहायला घेतलं की हात अडतो. किंवा लिहिता येतं, पण मोबाइलवर जोडाक्षरं शोधत बसायला सकाळी वेळ नसतो. आणि उत्तर दिलं नाही तर दिवाळीला भेटल्यावर ‘तू तर काही बोलतच नाहीस ग्रुपवर’ हे ऐकून घ्यावं लागतं. तेव्हा साधन खुशाल वापरा. मात्र त्याला त्या पोस्टरमध्ये काय दिसतं आणि काय दिसत नाही, एवढं समजून घ्या. फजितीचे बहुतेक प्रसंग तिथेच घडतात.

साधनाला नुसतं चित्र दिलं आणि सोबत काहीच सांगितलं नाही, तर तुम्हाला काय हवंय याचा ते अंदाज बांधतं. कधी चित्राचं वर्णन करतं, कधी सुविचाराचा अर्थ समजावतं, कधी तसाच एक आणखी लांब सुविचार रचून देतं. ‘रिप्लाय दे’ म्हटलं तर रिप्लाय येतो, पण तो पोस्टरवरच्या मजकुराला असतो. आयुष्य नदीसारखं वाहतं असं पोस्टरवर असेल, तर नदीचीच उपमा आणखी पाच ओळी पुढे नेलेली सापडेल. आत्या त्या हिशेबात कुठेच नसते, कारण तिच्याबद्दल साधनाला काही माहीतच नसतं.

आता आत्या काय करत असते ते पाहा. तिने ते पोस्टर केलेलं नसतं. व्हॉट्सॲपवर निरोपाच्या डोक्यावर बाणाची खूण असेल, तर तो पुढे ढकललेला आहे. दोन बाणांची खूण असेल, तर तो तिच्यापर्यंत निदान पाच हातांतून आलाय. ही खूण चॅटमध्ये असते. चित्र सेव्ह करून साधनाला दिलं की ती मागे राहते आणि साधन असं धरून चालतं की ओळी पाठवणाऱ्याच्याच आहेत. मग ‘किती सुंदर विचार मांडलेत आपण’ असं उत्तर येतं. भाच्याने ते न वाचता टाकलं की आत्या विचारात पडते, मी कुठे काय मांडलं? तिने दहा पोस्टरांतून एक निवडलेलं असतं, बस. कौतुक करायचंच तर निवडीचं करा.

आणि निवडण्याच्याही आधी तिने हजेरी लावलेली असते. ज्या घरात सत्तरीपुढचं माणूस एकटं राहतं, तिथे हे पोस्टर म्हणजे ‘उठले, चहा झाला, ठीक आहे’ एवढं सांगणं असतं. आठ वाजेपर्यंत पोस्टर आलं नाही तर कोणीतरी फोन करतं. मी अशी घरं पाहिली आहेत आणि या रिवाजाला हसणं मला जमत नाही. या पोस्टरांनी फोन भरून जातात हे खरं आहे. भारतातल्या सुप्रभातच्या चित्रांनी लोकांचे फोन कसे तुंबतात, यावर २०१८ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नेही लिहिलं होतं. पण आत्याच्या हजेरीला उत्तर म्हणून सात ओळींचं चिंतन नको असतं. ‘पोचलं, आम्हीही बरे आहोत’ एवढं तिला कळायला हवं, आणि ते तुमच्या आवाजात कळायला हवं.

आता साधनाला पोस्टर द्यायचंच असेल तर कसं द्यावं. सर्वांत सोपी चूक इथे होते: लोक स्क्रीनशॉट काढतात. स्क्रीनशॉटमध्ये पोस्टर असतं, शिवाय ग्रुपचं नाव, पाठवणारीचं नाव किंवा नंबर, वरचा निरोप, खालचा निरोप आणि फोनच्या माथ्यावर नेमकी त्या क्षणी झळकलेली सूचना, हे सगळंही असतं. वरच्या निरोपात काकांचा शुगरचा रिपोर्ट असू शकतो. माथ्यावर बँकेचा ओटीपी असू शकतो. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पाठवणारा आणि घेणारा यांच्यातच कुलूपबंद राहतं. ते उचलून दुसऱ्या ठिकाणी नेलंत की कुलूप तुम्हीच काढलंत. म्हणून पोस्टरवर बोट टेकवून ते पूर्ण उघडा आणि तिथून शेअर करा किंवा सेव्ह करा. पोस्टरच्या तळाशी एखाद्या दुकानाची जाहिरात, ज्योतिष्याचा नंबर, किंवा वाढदिवसाचं पोस्टर असेल तर पोराचा फोटो आणि जन्मतारीख असते. गॅलरीत कात्रीसारखं किंवा चौकटीसारखं क्रॉपचं चिन्ह असतं, त्याने तो भाग कापून टाका. उत्तर लिहायला त्यातलं काहीच लागत नाही. आपलं संभाषण साधनाच्या पुढच्या सुधारणेसाठी वापरू द्यायचं की नाही, याचं बटणही बहुतेक साधनांच्या सेटिंगमध्ये असतं. चॅटजीपीटीमध्ये ते Data Controls या नावाखाली आहे. एकदा बघून ठेवा.

साध्या पोस्टरला तर चित्र देण्याचीही गरज नसते. ‘आत्याने सुप्रभातचं पोस्टर पाठवलंय, पारिजाताची फुलं आहेत’ एवढं लिहिलं तरी साधनाला पुरतं. चित्र द्यायला लागतं ते त्यावर काय लिहिलंय हे आपल्यालाच नीट लागत नसेल तेव्हा.

आणि तसं असेल, तर आधी उत्तर मागू नका. आधी म्हणा, ‘यावरचा मजकूर ओळीनुसार जसाच्या तसा टाइप करून दे. जे अक्षर लागत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाक, अंदाजाने भरू नकोस.’ सुप्रभातची पोस्टरं म्हणजे अक्षरांचा छळ असतो: सोनेरी वळणदार टाइप, मागे फुलांची नक्षी, अर्ध्या ओळीवर सूर्याची तिरीप. छापील सरळ मजकूर ही साधनं बऱ्यापैकी वाचतात. सजवलेल्या अक्षरांत रफार, अनुस्वार, जोडाक्षरं यांच्यात गडबडतात, आणि तळाची बारीक ओळ पुष्कळदा सोडूनच देतात. मोठी अडचण अशी की शब्द लागला नाही तरी ती अडत नाहीत. तिथे बसेल असा शब्द घालून वाक्य पुरं करतात. त्यामुळे वाचताना काही चुकलंय असं वाटतच नाही. टाइप केलेला मजकूर आणि पोस्टर शेजारी ठेवून एकदा डोळा फिरवला की कळतं. चार ओळींना अर्धं मिनिट लागतं.

एवढ्याने नुसत्या सुविचाराचं पोस्टर निभतं. खरी पंचाईत होते ती दिनविशेष, सण आणि तिथी असलेल्या पोस्टरांची. त्यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ मी इथेच पाहिलाय.

इंदूर, ग्वाल्हेर, देवास, बडोदे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत आणि पुण्या-मुंबईच्या कितीतरी कुटुंबांच्या ग्रुपवर तिकडची आत्या किंवा मावशी असते. समजा, ती इंदूरची आहे. २२ जुलै २०२४, सोमवार. सकाळी तिचं पोस्टर येतं: महादेवाची पिंड, बेलाची पानं, आणि हिंदीत ‘सावनच्या पहिल्या सोमवारच्या शुभेच्छा, सुप्रभात’ अशा अर्थाचा मजकूर. पुण्यातला भाचा ते साधनाला देतो आणि मराठीत उत्तर मागतो. साधन पोस्टरवर विश्वास ठेवतं. पहिल्या श्रावणी सोमवारच्या हार्दिक शुभेच्छा, भोलेनाथ आपल्या सर्व मनोकामना पूर्ण करोत, असं भरगच्च उत्तर तयार होतं. भाचा ते ग्रुपवर टाकतो आणि दहा मिनिटांत काकू विचारतात, ‘अरे, कसला श्रावण? काल गुरुपौर्णिमा झाली, आज आषाढ वद्य प्रतिपदा. अजून गटारी व्हायची आहे!’

काकूंचं बरोबर होतं. आत्याचंही बरोबर होतं. उत्तर भारतात आणि मध्य प्रदेशात पौर्णिमेला महिना संपतो. महाराष्ट्रात, गुजरातेत आणि दक्षिणेत तो अमावास्येला संपतो. म्हणून वद्य पक्षाचे पंधरा दिवस इंदूरकडे पुढच्या महिन्याच्या नावाने ओळखले जातात. २०२४ मध्ये इंदूरचा सावन २२ जुलैला लागला आणि पुण्याचा श्रावण ५ ऑगस्टला. दोन्ही दिवस सोमवारच होते, म्हणजे गोंधळाला खास मुहूर्त. ५ ऑगस्टला इंदूरहून ‘तिसरा सोमवार’ असं पोस्टर आलं असणार आणि डोंबिवलीहून ‘पहिला सोमवार’ असं. एकाच ग्रुपवर, एकाच सकाळी, दोन्ही खरी. दरवर्षी असंच होतं: २०२५ मध्ये तिकडचा पहिला सोमवार १४ जुलैला होता आणि आपला २८ जुलैला. शुक्ल पक्षात दोन्हीकडे महिना एकच असतो, त्यामुळे नागपंचमी, राखीपौर्णिमा यांच्याबद्दल वाद होत नाही. जन्माष्टमीही त्याच रात्री असते. फक्त आपण तिला श्रावण वद्य अष्टमी म्हणतो आणि तिकडे ती भाद्रपदात मोडते.

साधनाला या दोन पद्धती माहीत नसतात असं नाही. विचारलं तर व्यवस्थित समजावून सांगतं. पण तुम्ही कुठे राहता, पोस्टर कुठून आलं आणि ते कोणाकोणाला वाचायचंय, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. शिवाय आज कोणती तारीख आहे याचीही खात्री नसते, कारण जुनं पोस्टर पुन्हा फिरत आलं तरी चित्र तेच असतं. म्हणून ‘याला रिप्लाय दे’ याऐवजी असं लिहा: ‘आज सोमवार, २२ जुलै २०२४. मी पुण्यात आहे. हे पोस्टर इंदूरच्या आत्याने पाठवलंय. आमच्याकडे महिना अमावास्येला संपतो. तिच्याकडे श्रावण लागला असेल तर तिला तशा शुभेच्छा, पण आमच्याकडे लागला असं लिहू नकोस. दोन ओळी, बोलीभाषेत.’ एवढ्यावर उत्तर बरंच ताळ्यावर येतं. तरीही तिथी साधनाकडून पक्की करून घेऊ नका. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय लटकलेलं असतं. १९७३ पासून ते याच कामासाठी आहे. घरात दाते पंचांग असेल तर उत्तमच. एक पान उलटायला जेवढा वेळ लागतो, त्याहून प्रश्न टाइप करायलाच जास्त लागतो.

असंच अंगारकीचं. संकष्टी मंगळवारी आली तरच ती अंगारकी. पोस्टरवर अंगारकीच्या शुभेच्छा असतील आणि आज गुरुवार असेल, तर ते पोस्टर जुनं आहे, साधन काहीही म्हणो. संकष्टीच्या पोस्टरवर चंद्रोदयाची वेळ असते, तीही सगळ्यांची नसते. नागपूर मुंबईच्या बरंच पूर्वेला आहे, तिथे चंद्र साधारण वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो. मुंबईची वेळ नागपूरच्या वहिनींना उत्तरात परत पाठवलीत तर त्या बिचाऱ्या विनाकारण उपाशी बसतील. पोस्टरवरची वेळ उत्तरात घ्यायची असेल तर गाव लिहा, नाहीतर घेऊच नका.

सुविचाराखालच्या नावाचंही थोडं सांगायला हवं. पुलं, वपु, अब्दुल कलाम, रतन टाटा ही नावं या पोस्टरांवर फुलांच्या नक्षीइतक्या सहजतेने टाकली जातात. २०२० च्या एप्रिलमध्ये करोनानंतरच्या अर्थव्यवस्थेविषयीचा एक उतारा रतन टाटांच्या नावाने एवढा फिरला, की आपण हे बोललोही नाही आणि लिहिलंही नाही असं त्यांना स्वतःच जाहीर करावं लागलं. गेलेल्या लेखकांना तेवढीही सोय नाही. साधनाला ‘हे पुलंचं आहे का?’ असं विचारलंत तर ते कधी होकार देतं, आणि वर एखाद्या पुस्तकाचं नावही जोडतं. ते पुस्तक खरं असतं. ओळ त्यात नसते. पुस्तक हाती घेऊन ओळ सापडेपर्यंत तो होकार धरू नका. शोधायला वेळ नसेल तर उत्तरात लेखकाचं नावच काढू नका. ‘पुलंनी किती खरं लिहिलंय’ असं तुम्ही लिहिलंत की ग्रुपवरच्या तीस जणांसाठी ती ओळ पुलंची झाली, आणि त्यात शाळेत मराठी शिकवलेले एखादे मामा असतील तर तुमची सकाळ खराब झाली. आरोग्याचे उपाय सांगणाऱ्या पोस्टरांनाही हेच लागू. ‘खूप उपयुक्त माहिती’ हे तीन शब्द साधन फार सढळ हाताने वाटतं. मधुमेह असलेल्या काकांनी ते वाचून गोळी बंद केली तर पोस्टरबरोबर तुमचा शेराही त्यांनी वाचलेला असतो.

आता मुख्य काम, प्रत्यक्ष उत्तर. साधनाने मराठीत लिहिलेलं उत्तर ओळखायला फार हुशारी लागत नाही. ते ‘प्रिय आत्या’ने सुरू होतं, जणू पोस्टकार्ड लिहिलंय. मधे ‘आपला दिवस आनंददायी, उत्साहपूर्ण आणि सकारात्मक ऊर्जेने परिपूर्ण जावो’ अशी एक ओळ असते. शेवटी हात जोडलेले, सूर्य, फूल, पुन्हा हात जोडलेले. आणि ज्या आत्याला तुम्ही जन्मभर ‘अगं आत्या’ म्हणत आलात, तिला ‘आपण’ असतं. यात व्याकरणाची चूक एकही नसते. फक्त हे तुमच्या घरचं बोलणं नसतं. घरात आत्याला अगं-तुगं असेल तर ते साधनाला सांगा. नातं मराठीतच सांगा: मामा की काका, जाऊ की नणंद. इंग्रजीत ‘अंकल’ लिहिलंत तर मामांना काका करून मोकळं होईल. तुम्ही बाई आहात की पुरुष तेही सांगा, नाहीतर ‘मी कालच आलो’ असं सुनेच्या नावाने जायचं.

पण साधनाला न सांगता येणाऱ्या, किंवा सांगू नयेत अशा गोष्टीही असतात. ग्रुपवरच्या मामांच्या घरी चार दिवसांपूर्वी कोणी गेलंय, दहावा व्हायचाय. अशा वेळीही एखादे लांबचे काका सवयीने सुप्रभातचं पोस्टर टाकतात. त्यांचं चुकलं असेल किंवा त्यांना कळलंच नसेल. ते पोस्टर साधनाला दिलंत तर त्यातून मंगलमय, आनंदी, चैतन्यमय असं उत्तर येईल, आणि ते मामांच्या डोळ्यांसमोर ग्रुपवर जाईल. त्या दिवशी पोस्टरला उत्तरच द्यायचं नसतं. मामींना वेगळा फोन करायचा असतो. ग्रुपवर कोण आजारी आहे, कोणाचा निकाल लागायचाय, कोणात बोलणं बंद आहे, हे तुम्हाला ठाऊक असतं. म्हणून चिकटवण्याआधी ग्रुपवरचे आधीच्या दोन दिवसांचे निरोप वर सरकवून बघा. निदान एवढं तरी.

आणि उत्तर लहान ठेवा. पोस्टर चार ओळींचं असेल तर उत्तर एका ओळीचं पुरतं. त्या ओळीत एक गोष्ट अशी असू द्या जी फक्त तुम्हीच त्या माणसाला लिहू शकता. इंदूरच्या आत्याला: ‘आत्या, तुझा सावन लागला, आमची गटारी अजून बाकी आहे! गुडघा कसा आहे आता?’ पारिजाताच्या पोस्टरला: ‘काकू, हे बघून तुमच्या मागच्या अंगणातला सडा आठवला. अजून फुलतो का तो?’ शिस्तीच्या मामांना: ‘मामा, नमस्कार. आज फिरायला गेला होतात की पावसाने सुट्टी?’ या सगळ्या ओळींच्या शेवटी प्रश्न आहे, हे लक्षात आलं असेल. प्रश्न असला की दुसऱ्या बाजूने उत्तर येतं. एरवी सुप्रभातला सुप्रभात, आणि विषय तिथेच बंद. साधनाकडून आलेल्या उत्तरात असा प्रश्न सहसा नसतो, कारण गुडघ्याचं त्याला ठाऊक नाही. तुम्ही सांगितलंत तर घालेल, पण मग ती ओळ तुम्हीच लिहिली की!

एक धोका अगदी साधा आहे आणि तरी लोक त्यात सापडतात. व्हॉट्सॲपमध्येच मेटाचं चॅट-साधन आलंय. ग्रुपमध्ये @Meta AI असं लिहून प्रश्न विचारलात तर तुमचा प्रश्न आणि आलेलं उत्तर दोन्ही ग्रुपवरच्या सगळ्यांना दिसतात. ‘या आत्याच्या पोस्टरला काहीतरी गोड रिप्लाय दे’ हे आत्याने वाचलं की पुढे सावरायला फार कष्ट पडतात. विचारायचंच असेल तर त्या साधनाशी स्वतंत्र चॅट उघडा. आणि तुम्ही साधनाला जे पाठवता ते मेटाकडे जातं. ग्रुपवरचं बाकीचं बोलणं जात नाही, हा फरक ध्यानात असू द्या. ग्रुपवरचे निरोप अशा सोयींसाठी कोणी वापरूच नयेत असं वाटत असेल, तर ग्रुपच्या सेटिंगमध्ये २०२५ पासून Advanced Chat Privacy नावाचं बटण आहे. ते ग्रुपमध्ये सांगून मगच चालू करा, कारण त्याने ग्रुपमधली चित्रं आपोआप फोनवर उतरायची थांबतात आणि मग ‘माझे फोटो का दिसत नाहीत’ हा प्रश्न तुमच्याच दारी येतो.

दुसरं, सुप्रभातच्या चित्रातून चोर फोनमध्ये शिरतात आणि बँक खातं रिकामं करतात, हा निरोप अधूनमधून फिरतो. नुसत्या चित्राला एवढं घाबरायचं कारण नाही. पण शुभेच्छा म्हणून आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी .apk असेल तर ते चित्र नव्हे, ॲप आहे. लग्नपत्रिका आणि सणाच्या शुभेच्छा म्हणून अशा फाइली पाठवून लोकांना फसवलं जातं. ती उघडू नका, साधनाला वाचायला देण्याच्या भानगडीतही पडू नका, आणि ज्याच्या नावाने आली त्याला फोन करून सांगा. बहुधा त्याचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो.

राहता राहिला टाइप करायचा कंटाळा, जिथून हे सगळं सुरू होतं. त्यावर उपाय फोनमध्येच आहे. गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडा आणि माइकच्या चिन्हावर बोट ठेवून बोला. आत्याशी फोनवर जसं बोलाल तसंच बोला. ते टाइप होईल. विरामचिन्हं चुकतील, एखादा शब्द भलताच उमटेल, गावाच्या आणि माणसांच्या नावांचे तर हमखास बारा वाजतील. इथे चॅटचं साधन खरोखर कामाला येतं. तुमची ओळ त्याला द्या आणि लिहा: ‘यातलं फक्त शुद्धलेखन आणि विरामचिन्हं नीट कर. एकही शब्द बदलू नकोस, काही वाढवू नकोस.’ आलेली ओळ आपल्या ओळीशी ताडून बघा. ‘गुडघा कसा आहे’चं ‘आपली प्रकृती कशी आहे’ झालं असेल, तर सांगूनही त्याने हात मारलाय. तेवढे शब्द परत आपले घाला आणि पाठवा.